बालविवाहाचा निर्णय भावकीत होतो
(मुंबईतील एका चर्चासत्रात मांडलेल्या भाषणाचं लेखी रूप)

मंडळी, आजच्या चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेत विषयाचं नाव आहे ‘गरिबी आणि बालविवाह’. या नावालाच माझा थोडा आक्षेप आहे आणि तो आक्षेप हाच माझ्या बोलण्याचा विषय आहे. बालविवाहाबद्दल शहरात बोलणं निघालं की दोन वाक्यांत गोष्ट संपवली जाते. लोक गरीब आहेत, म्हणून मुलींची लग्नं लवकर लावतात. गरिबी हटली की हे आपोआप थांबेल. हे ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात कुणाचाच दोष नसतो. आईबापाचा नसतो, नातेवाइकांचा नसतो, आपला तर नसतोच. पण ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या निदानावर औषध दिलं की काय होतं ते आपण बरीच वर्षं पाहत आलो आहोत.

गरिबीचा संबंध मी नाकारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची कुठलीही फेरी उघडा, सगळ्यांत गरीब घरांतल्या मुलींची लग्नं श्रीमंत घरांतल्या मुलींपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात अठराच्या आत झालेली दिसतात. पण त्याच सर्वेक्षणाचं पुढचं पान उलटलं की गोंधळ सुरू होतो. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचं लग्न अठरापूर्वी झालं होतं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. छत्तीसगडमध्ये ते १२.१ टक्के आणि उत्तर प्रदेशात १५.८ टक्के होतं. दरडोई उत्पन्नात ही दोन्ही राज्यं आपल्या बरीच मागे आहेत. बालविवाह निव्वळ खिशावर ठरत असता, तर हा क्रम उलटा दिसायला हवा होता.

राज्याच्या आत पाहिलं तर हे आणखी ठळक होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ दर दुसरी मुलगी. बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास. आणि भंडाऱ्यात दोन टक्क्यांच्या आसपास. भंडारा हा काही सधन जिल्हा नाही. धानाची शेती, छोटे जमीनधारक, हंगामी मजुरी असं तिथलं चित्र आहे. तिथला बाप परभणीच्या बापापेक्षा वीसपट श्रीमंत नाही. मग फरक कशात आहे? मुलगी कुठल्या वयाची झाली की शेजारीपाजारी विचारायला लागतात, यात आहे.

आता मी एका घराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनाक्रम जसाच्या तसा आहे. हे घर विक्रोळीचं. वडील सरकारी खात्यात कायम नोकरीला, महिन्याच्या महिन्याला पगार, भविष्य निर्वाह निधी, सगळं सुरळीत. आई दोन घरी स्वयंपाक करते. मूळ गाव परभणी जिल्ह्यातलं. मुलगी अकरावी कॉमर्सला, सोळा पूर्ण, अभ्यासात बरी. घरात तिच्या लग्नाचा विषयही नव्हता. बारावीनंतर तिला बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायचा, असं वडिलांनी ऑफिसात बोलूनही दाखवलं होतं.

फेब्रुवारीत ती क्लासहून येताना वर्गातल्या एका मुलाशी स्टेशनबाहेर बोलत उभी होती. गावच्याच एका मुलाने ते पाहिलं, फोटो काढला आणि तो फोटो गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. वर्गातल्या त्या मुलाची जात वेगळी आहे, हे फोटोखाली कुणीतरी लिहिलं. त्या रात्री थोरल्या काकांचा फोन आला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आता पोरगी मोठी झाली, बघायला लागलं पाहिजे.” आठवड्याभराने आत्याचा फोन आला. पाठोपाठ मामा स्वतः मुंबईला आले आणि स्थळ घेऊनच आले. मुलगा चोवीस वर्षांचा, चाकणला कंपनीत, घरी चार एकर जमीन. मामांचं म्हणणं होतं की असं स्थळ चालून येत नाही, आणि आता नाही म्हटलं तर पुढे लोक विचारतील की नाही का म्हणाले, पोरीचं काही आहे का.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्या. या घरातला सगळा निर्णय त्या एका वाक्यावर फिरला.

अकरावीची परीक्षा संपली, कुटुंब गावी गेलं. पत्रिका छापली नाही. साखरपुडा म्हणून लोक बोलवायचे आणि साखरपुड्यातच लग्न उरकायचं, असं ठरलं. ही पद्धत आता सर्रास आहे, कारण पत्रिका आणि मांडव असला की बातमी बाहेर जाते. हळदीच्या दिवशी अंगणवाडी सेविकेने कळवलं आणि ग्रामसेवक, पोलीस दोघेही आले. आपल्याकडे गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. शाळेचा दाखला पाहिला, वय सोळा निघालं. आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. सगळे परत गेले. कागदोपत्री एक बालविवाह रोखला गेला. तीन आठवड्यांनी त्याच मुलीचं त्याच मुलाशी, दुसऱ्या तालुक्यातल्या एका देवळात, पंधरा-वीस माणसांत लग्न लागलं.

इथे कायद्याची एक बाजू सांगणं आवश्यक आहे, कारण तिचा वापर फार कमी होतो. हमीपत्राला स्वतःची अशी काही ताकद नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि असा हुकूम असताना लग्न लावलं तर कलम १४ प्रमाणे ते लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. हुकूम नसेल तर मात्र बालविवाह सहसा आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करून मिळावा म्हणून त्या मुलीने स्वतः अर्ज करायचा, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. या मुलीने तो केला नाही. तो करून ती जाणार कुठे होती? ज्या घराने लोकांच्या तोंडाला भिऊन तिचं लग्न लावलं, त्या घराला नवरा सोडून आलेली मुलगी दुप्पट जड वाटली असती. कायद्याने दार ठेवलं होतं, पण त्या दारापलीकडे तीच माणसं बसली होती.

आता पैशाचा हिशेब पाहू. गरिबीच्या सिद्धांताप्रमाणे लवकर लग्न म्हणजे एक खाणारं तोंड कमी आणि खर्च कमी. या घराने त्या लग्नावर साडेतीन लाख घातले. त्यातले दोन लाख पतपेढीचं कर्ज होतं आणि त्याचे हप्ते वडिलांच्या पगारातून जात होते. मुलीच्या बारावीचा आणि क्लासचा मिळून खर्च त्याच्या चौथाईही झाला नसता. म्हणजे पैसे नव्हते म्हणून लग्न झालं, असं नाही. लग्न करायचं ठरलं म्हणून पैसे उभे केले गेले.

यावर कुणी म्हणेल की मुलीचं वय वाढलं की हुंडाही वाढतो, म्हणून बाप घाई करतो, आणि हे आर्थिक कारणच आहे. बरोबर आहे, हा हिशेब बाप करतो. पण वय वाढलं की हुंडा वाढतो, हा भाव कुणी ठरवला? वीस वर्षांची अविवाहित मुलगी म्हणजे काहीतरी खोट असलेली मुलगी, अशी समजूत आहे म्हणून तो भाव चढतो. आकडा रुपयांत असतो, पण तो ठरवते ती समजूत.

सामाजिक रूढींचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्तिना बिक्किएरी या तत्त्वज्ञ बाईंनी यासाठी एक साधी कसोटी सुचवली आहे. माणूस एखादी गोष्ट करतो, ती त्याला स्वतःला हवी म्हणून की इतर करतात आणि आपल्याकडूनही तीच अपेक्षा ठेवतात म्हणून? हे ओळखायचं असेल तर विचारायचं की इतरांनी ते केलं नसतं, तर तू केलं असतंस का. उत्तर ‘नाही’ आलं तर ती रूढी. शिवाय हे ‘इतर’ म्हणजे सगळं जग नसतं. ज्यांच्या मताची आपल्याला पर्वा असते, ते ठरावीक लोक असतात.

मी ही कसोटी त्या घरात लावून पाहिली. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी वडील भेटले तेव्हा मी विचारलं, “तुमच्या भावकीत सगळ्यांनीच पोरींना वीसपर्यंत घरी ठेवलं असतं, तर?” त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, “मग आम्हाला काय घाई होती? पण ताई, एकट्याने थांबायचं म्हणजे आपल्याच पोरीवर बोट ठेवू द्यायचं.” आई वेगळं बोलली आणि जास्त धक्कादायक बोलली. म्हणाली, तिला स्वतःला लग्न नको होतं, पण तिला वाटलं की नवऱ्याला हवं आहे. नवऱ्याला वाटत होतं की थोरल्या भावाला हवं आहे. पुढे गावी गेले तेव्हा थोरल्या काकांना भेटले. त्यांनी स्वतःच्या मुलीचं लग्न सतराव्या वर्षी लावलं होतं आणि ती बाळंतपणात मरता मरता वाचली होती. ते म्हणाले, “मी फक्त बघायला लागा म्हणलो होतो. लगेच करा नव्हतो म्हणलो. पण मी तरी काय बोलणार, माझं तोंड बंदच होतं.” मामा मात्र शेवटपर्यंत ठाम होते. त्यांना आजही ते लग्न योग्यच वाटतं. सगळेच मनातून नाराज असतात आणि केवळ गैरसमजातून लग्न होतं, असं सोपं चित्र मला काढायचं नाही. पण चार निर्णायक माणसांपैकी तिघांना ते लग्न नको होतं आणि तिघांनीही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं, एवढं खरं.

या दबावापुढे पैसा आणि शिक्षण दोन्ही कमी पडतात, याचं महाराष्ट्राच्या इतिहासात एक अवघड उदाहरण आहे. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते, सरकारी न्यायखात्यात होते, विधवाविवाहाच्या चळवळीत होते. मुलगा विधवेशी लग्न करेल या धास्तीने वडिलांनी त्यांचं लग्न लवकरच अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लावून दिलं. पुढे रानड्यांनी रमाबाईंना शिकवलं, त्या स्वतः मोठ्या झाल्या, पण मुद्दा तो नाही. त्या काळात या देशातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एक, स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस, घरच्यांच्या शब्दापलीकडे जाऊ शकला नाही. मग विक्रोळीच्या बापाने ते एकट्याने करावं, अशी अपेक्षा आपण कशी ठेवतो?

गरिबीच्या बाजूने सगळ्यात मजबूत युक्तिवाद ऊसतोडीचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर दिवाळीच्या सुमाराला लाखो मजूर कारखान्यांवर जातात. तिथे मजुरी माणसावर नाही, जोडीवर मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मिळते तीही कोयत्यावर. मुलगा एकटा असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याची उचलही तशीच. त्यामुळे मुलाचं लग्न लवकर करण्यात सरळ आर्थिक फायदा आहे, हे मान्यच करायला हवं. पण मुलीच्या आईबापाचा काय फायदा? त्यांचे तर कामाचे दोन हात जातात. त्यांना विचारलं की एकच उत्तर मिळतं. आम्ही सहा महिने उसाच्या फडावर, वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि बरोबर न्यायची तर फडावर झोपडीवजा कोपीत, उघड्यावर. या उत्तरात मुलीच्या सुरक्षिततेची खरी काळजी आहे. पण त्याबरोबर अशी धास्तीही आहे की काही झालं, किंवा नुसती अफवा उठली, तरी डाग मुलीवरच लागणार. उद्या उचलीची पद्धत बंद झाली, मजुरी दुप्पट झाली, तरी ही धास्ती तशीच राहील. मुलींसाठी हंगामी वसतिगृहं हवीत ती म्हणूनच. पण ज्या गावात ‘वसतिगृहात राहिलेली पोरगी’ हाच बोलण्याचा विषय होतो, तिथे ती खोल्या असूनही रिकामी राहतात.

मग सरकारने पैसे द्यायचेच नाहीत का? द्यावेत, पण कधी आणि कसे द्यायचे याचा विचार रूढी समोर ठेवून व्हायला हवा. हरियाणात १९९४ साली ‘अपनी बेटी अपना धन’ योजना सुरू झाली. मुलगी अठरापर्यंत अविवाहित राहिली तर तिच्या नावावर ठेवलेल्या रोख्याचे पंचवीस हजार रुपये मिळायचे. त्या मुली अठराच्या झाल्यावर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की अठरापूर्वीची लग्नं या योजनेमुळे कमी झाली नव्हती. उलट लाभार्थी मुलींची लग्नं अठरा पूर्ण होताच उरकण्याचं प्रमाण जास्त होतं. घरांनी त्या रकमेकडे लग्नाची सोय म्हणून पाहिलं. पैसा आला आणि रूढीच्याच कामी लागला.

बांगलादेशात मात्र एक साधा प्रयोग चालला. पंधरा ते सतरा वयाच्या मुलीचं लग्न झालेलं नसेल तोवर दर काही महिन्यांनी घराला स्वयंपाकाचं तेल द्यायचं, एवढाच. रक्कम पाहिली तर क्षुल्लक, पण त्याने बालविवाह लक्षणीय कमी झाले. संशोधकांचं स्पष्टीकरण मला फार पटतं. लग्न लांबवलं की लोक मुलीत खोट शोधतात. तेलामुळे घराला सांगण्याजोगं एक दुसरं कारण मिळालं. खोट नाही, तेल मिळतंय म्हणून थांबलोय. म्हणजे तिथे उपयोग झाला तो तेलाच्या किमतीचा कमी, आणि लोकांना द्यायच्या उत्तराचा जास्त.

आपली ‘लेक लाडकी’ योजना या दृष्टीने पाहा. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला एकूण १,०१,००० रुपये मिळतात. त्यातले ८,००० अकरावीत आणि ७५,००० अठरा पूर्ण झाल्यावर. हरियाणाचा अनुभव समोर असताना तीन-चतुर्थांश रक्कम अठराव्या वर्षी एकरकमी देणं मला धोक्याचं वाटतं. तीच रक्कम अकरावी, बारावी आणि पुढे पदवीच्या प्रत्येक वर्षाला वाटून दिली, तर घराला दर वर्षी नवं उत्तर मिळेल की पोरगी शिकते आहे, हप्ता चालू आहे, इतक्यात नाही.

आता मुंबईकडे येते. आपण इथे शाळाशाळांमध्ये जाऊन मुलींना सांगतो की अठरापूर्वी लग्न करू नका. विक्रोळीच्या त्या मुलीने असलं व्याख्यान दोनदा ऐकलं होतं. तिला कायदा तोंडपाठ होता. पण तिच्या लग्नाचा निर्णय तिच्या शाळेत होत नव्हता, तिच्या चाळीतही होत नव्हता. तो झाला तिच्या भावकीत, आणि ती भावकी मुंबईतही आहे. जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईकर मंडळ असतं. जत्रेची वर्गणी, देवळाचा जीर्णोद्धार, कुणाच्या मयताला गाडीची सोय हे सगळं तिथे होतं आणि गावात त्याचा शब्द चालतो, कारण पैसा तिथूनच जातो. बालविवाहाचं काम करणाऱ्या संस्था या मंडळांच्या बैठकीत क्वचितच जातात. मी आता तिथेच जायला लागले आहे.

गाव उघडपणे, सगळ्यांसमोर ठरवतं तेव्हा काय होतं ते आपण अलीकडेच पाहिलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. त्याआधीही कितीतरी घरांना बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं मनापासून नको होतं. पण एकट्या घराने ते थांबवलं तर मेलेल्याचा अपमान ठरला असता. ठराव झाल्यावर तेच करणं गावचा नियम ठरलं. विक्रोळीच्या मुलीच्या घरातल्या त्या तिघांना हेच हवं होतं. कुणीतरी सगळ्यांसमोर आधी बोलायला हवं होतं.

त्यामुळे मंडळाच्या बैठकीत मी भाषण करत नाही. आधी घरोघरी जाऊन एकेकाला एकट्यात विचारते की तुमच्या मुलीचं लग्न कोणत्या वयात व्हावं असं तुम्हाला वाटतं, आणि बाकीच्यांना काय वाटतं असं तुम्हाला वाटतं. दोन्ही उत्तरं नावं न घेता बैठकीत फळ्यावर मांडते. बहुतेक वेळा पहिलं उत्तर दुसऱ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी पुढे असतं. मग माणसं एकमेकांकडे पाहतात आणि बोलायला लागतात. कधी कधी हे फसतंही. दोन्ही उत्तरं सारखीच येतात आणि दोन्ही सोळा असतात. तिथे ठरावाचा आग्रह धरून उपयोग नसतो, तिथे अजून बरीच वर्षं काम आहे.

ठराव करताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. उत्साहाच्या भरात मंडळी म्हणतात, जो मोडेल त्याला वाळीत टाकू. ते करता येणार नाही आणि करूही नये. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि तो जातपंचायतीच्या ज्या जुलमामुळे आला, तोच जुलूम आपण चांगल्या कामासाठी परत आणू नये. एवढंच लिहायचं की साखरपुड्याआधी मुलीचा जन्मदाखला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवला जाईल, आणि अठराच्या आतल्या लग्नाला मंडळाचे पदाधिकारी जाणार नाहीत, वर्गणीतून मदत होणार नाही, आणि बातमी कळली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवलं जाईल. त्या ठरावावर पहिली सही अध्यक्षांची नको. ज्यांच्या घरात आज एकवीस-बावीस वर्षांची अविवाहित, शिकणारी किंवा नोकरी करणारी मुलगी आहे, त्या आईबापांची हवी. आज तेच लोक बैठकीत मागच्या रांगेत बसतात.